साडेसहा नक्की कोणाचे?

जुन्या मराठी लग्नपत्रिकांत मुहूर्ताच्या वेळेपुढे कंसात ‘स्टँ. टा.’ असे छापलेले आढळते. स्टँ. टा. म्हणजे स्टँडर्ड टाइम. आज ती अक्षरे अनावश्यक वाटतात, पण त्या काळी त्यांची गरज होती. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहराने आपली ‘मुंबई टाइम’ सोडली नाही. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे शहरात ही दुहेरी मोजणी चालली. गाडीने बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याचे घड्याळ एक सांगायचे आणि यजमानांच्या भिंतीवरचे दुसरे. नुसते ‘सकाळी १० वाजता’ छापले, तर निम्म्या मंडळींच्या अक्षता हातातच राहण्याची भीती. म्हणून वेळ कोणती, हे पत्रिकेतच सांगावे लागे.

आज तीच अडचण हिंजवडी, खराडी आणि चाकणच्या कचेऱ्यांत रोज उभी राहते. फरक आता ३९ मिनिटांचा नाही, साडेनऊ-साडेदहा तासांचा आहे, आणि तो वर्षभर सारखाही राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. कंपनी कल्पनेतली आहे, पण तिची अडचण खरी आहे. गाड्यांचे तेलपंप बनवणाऱ्या एका कंपनीचे चाचणी-विभागाचे लोक पुण्यात बसतात, खरेदी आणि उत्पादन पाहणारे जर्मनीत श्टुटगार्टला आणि प्रकल्पाची प्रमुख अमेरिकेत डेट्रॉइटला. दर गुरुवारी तिघांची मीटिंग होते. तिचे निमंत्रण, कचेरीच्या बोलीत ‘इन्व्हाइट’, जानेवारीत डेट्रॉइटहून निघाले. सकाळचे ८ ही तिथली वेळ. हिवाळ्यात डेट्रॉइटला ८ वाजतात तेव्हा श्टुटगार्टला दुपारचे २ आणि पुण्यात संध्याकाळचे ६:३० वाजलेले असतात. बाईंनी सौजन्याने निमंत्रणाच्या मजकुरात तिन्ही वेळा लिहिल्या : `8:00 AM EST / 2:00 PM CET / 6:30 PM IST`. जानेवारी आणि फेब्रुवारी सुरळीत गेले.

८ मार्च २०२६ च्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास पुढे गेली. २००७ पासून तिथे हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो. युरोपीय संघात तो मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो, म्हणजे यंदा २९ तारखेला. भारतात असा बदल होतच नाही. मधल्या तीन आठवड्यांत अमेरिका उन्हाळी वेळेवर, जर्मनी हिवाळी वेळेवर आणि भारत जिथल्या तिथे, अशी स्थिती असते.

१२ मार्चच्या गुरुवारी काय झाले पाहा. कॅलेंडरमधली नोंद डेट्रॉइटच्या ८ वाजण्याला बांधलेली होती. त्यामुळे पुण्यातल्या फोनवर मीटिंग आपोआप ५:३० ला सरकली आणि श्टुटगार्टमध्ये दुपारी १ ला, ऐन जेवणाच्या वेळी. पण बाईंनी हाताने लिहिलेला मजकूर काही हलला नाही. त्यात अजूनही पुण्यापुढे ६:३० च होते. फोनची घंटा ऐकून एक इंजिनिअर ५:३० ला हजर झाला. दुसऱ्याने जानेवारीत वेळ डायरीत उतरवून घेतली होती आणि पुन्हा खात्री करायला त्याने निमंत्रण उघडूनही पाहिले. तिथे ६:३० दिसले, म्हणून तो निवांत होता. चाचणीचे आकडे त्याच्याकडेच होते. श्टुटगार्टचे दोघे कँटीनमध्ये होते. ज्यावर निर्णय व्हायचा तो विषय एक आठवडा पुढे गेला.

यात कोणी निष्काळजी नव्हते. चूक निमंत्रणातच होती : एकाच कागदावर दोन वेळा होत्या, एक आपोआप बदलणारी आणि एक न बदलणारी. अशी चूक ओळखायची खूण सोपी आहे. कॅलेंडरच्या चौकोनातली वेळ आणि मजकुरातली वेळ एकमेकांशी जुळत नसेल, तर मीटिंगच्या दिवशी कोणीतरी बाहेर राहणारच.

कॅलेंडर आपोआप कसे सरकते, हे समजले की पुढचे उपाय आपसूक सुचतात. मेलवरून येणारी निमंत्रणे बहुतेक सगळीकडे आयकॅलेंडर नावाच्या एकाच सामायिक पद्धतीने लिहिली जातात. त्यात वेळेची ओळ अशी असते :

```
DTSTART;TZID=America/Detroit:20260312T080000
```

या ओळीत तारीख आहे, सकाळचे ८ आहेत आणि शहराचे नावही आहे. ग्रिनिचपासूनचा फरक मात्र कुठेच लिहिलेला नाही. त्या शहरात त्या तारखेला कोणता नियम लागू आहे, हे संगणक आपल्याजवळच्या तक्त्यांत पाहतो आणि मग पुणेकराला त्याच्या वेळेत करून दाखवतो. हे तक्ते जगभर सामायिक आहेत आणि कोणत्याही सरकारने नियम बदलला की तेही बदलले जातात. भारताची नोंद त्यात `Asia/Kolkata` या नावाने आहे. म्हणजे प्रत्येक नोंद कुठल्या तरी एका शहराच्या खुंटीला बांधलेली असते. त्या शहरात मीटिंगची वेळ स्थिर राहते आणि बाकीच्यांची हलते.

ती खुंटी कोणती असावी, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्याने निमंत्रण धाडले त्याचे शहर आपोआप खुंटी होते. वास्तविक ज्याची वेळ दिवसाच्या अगदी कडेला आहे, त्याचे शहर खुंटी असावे. डेट्रॉइटच्या सकाळी ९ ला मीटिंग बांधली, तर उन्हाळ्यात ती पुण्यात संध्याकाळी ६:३० ला येते, पण नोव्हेंबरपासून ७:३० ला. घरी मूल पाळणाघरातून आणायचे असेल, कंपनीची बस ठरलेल्या वेळी सुटत असेल, तर हा एक तास फार जड जातो. उलट पुण्याच्या ६:३० ला बांधली, तर डेट्रॉइटला हिवाळ्यात ८ आणि उन्हाळ्यात ९ वाजतात. दोन्ही वेळा कामाच्याच. शिवाय भारताचे घड्याळ वर्षभर हलत नसल्याने पुणे ही सगळ्यांत भरवशाची खुंटी आहे. निमंत्रण डेट्रॉइटहून निघाले तरी नोंद करताना शहर बदलता येते. वेळेच्या रकान्याशेजारी ‘टाइम झोन’ निवडायची सोय असते, ती उघडायची एवढेच.

आता त्या तीन इंग्रजी अक्षरांविषयी. IST म्हणजे भारतीय वेळ हे आपल्याला इतके सवयीचे आहे की दुसरा अर्थ मनात येत नाही. पण इस्राएलची प्रमाणवेळही IST आहे आणि आयर्लंडमधली उन्हाळी वेळही IST च. CST लिहिले तर शिकागोचा माणूस आपली वेळ समजतो आणि शांघायचा आपली. EST चा घोळ तर वरच्या गोष्टीतच आहे. ती अमेरिकेच्या पूर्व भागाची हिवाळी वेळ. उन्हाळी वेळेला EDT म्हणतात. मार्चनंतरही सवयीने EST लिहिले जाते. अशा निमंत्रणात अक्षरशः ‘8:00 AM EST’ पाळणारा माणूस बरोबर एक तास उशिरा येतो आणि तरीही लेखी पुरावा त्याच्याच बाजूने असतो. म्हणून अक्षरे टाळावीत आणि शहराचे नाव लिहावे. श्टुटगार्टच्या माणसाला श्टुटगार्ट हे नाव वाचताना काही मोजावे लागत नाही.

शहराबरोबर वार आणि तारीखही प्रत्येक ओळीत हवी. या मीटिंगला सिडनीच्या ग्राहकाला बोलवावे असे ठरले असते, तर पुण्यातल्या मंगळवारी ६:३० ला तिथे बरोबर रात्रीचे १२ वाजले असते, म्हणजे बुधवार सुरू झाला असता. ‘मंगळवारी रात्री १२’ ही मंगळवारची सुरुवात की शेवट, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. तिथे ‘बुधवार १८ मार्च, ००:००’ असेच लिहावे लागते. तारखेतला महिनाही अक्षरांत लिहावा. कारण ०३/०४ ही पुण्यात ३ एप्रिल असते आणि डेट्रॉइटमध्ये ४ मार्च.

तर गुरुवारची मीटिंग वाया गेल्यावर नवे निमंत्रण लिहायचे ठरले. पुढचा गुरुवार १९ मार्चचा. त्या दिवशी गुढीपाडवा, पुण्याची कचेरी बंद. डेट्रॉइटच्या कॅलेंडरमध्ये पाडवा दिसत नाही, त्यामुळे हे पुण्यातूनच कोणीतरी सांगायला हवे होते आणि या खेपेस सांगितले. मंगळवार १७ मार्च ठरला. खुंटी पुण्याची. मजकूर मराठीत आणला तर असा :

विषय : निर्णय हवा – पंपाचे सील – १७ मार्च – ४५ मिनिटे

पुणे : मंगळवार १७ मार्च २०२६, संध्याकाळी ६:३० ते ७:१५
श्टुटगार्ट : मंगळवार १७ मार्च २०२६, दुपारी २:०० ते २:४५
डेट्रॉइट : मंगळवार १७ मार्च २०२६, सकाळी ९:०० ते ९:४५
(अमेरिकेतली घड्याळे पुढे गेली आहेत, जर्मनीतली अजून नाहीत. वरच्या वेळा फक्त याच तारखेच्या आहेत.)

ठरवायचे काय
१. चाचणीच्या आकड्यांविषयी शंका (पुणे, ५ मिनिटे)
२. निर्णय : मे महिन्यापासूनच्या पंपांत नायट्रिल रबराऐवजी फ्लोरो-रबराचे सील लावायचे का? (डेट्रॉइट, २५ मिनिटे)
३. होय ठरले तर गोदामातल्या जुन्या सीलांचे काय? (श्टुटगार्ट, १० मिनिटे)
४. कोणी काय, कधीपर्यंत (५ मिनिटे)

वाचूनच यावे : चाचणी अहवाल, ४ पाने, सुमारे १० मिनिटे. पान ३ वरचा तक्ता विषय २ साठी लागेल.
हवे तर पाहावे : गेल्या वर्षीचे सादरीकरण, ४० स्लाइड. न वाचल्यास अडणार नाही.
लेखी शंका : सोमवार १६ मार्च, पुणे रात्री ८:३० / श्टुटगार्ट दुपारी ४:०० / डेट्रॉइट सकाळी ११:०० पर्यंत.

वेळांच्या तीन ओळींखालचे कंसातले वाक्य महत्त्वाचे आहे. हाताने लिहिलेल्या वेळा शिळ्या होतात, हे एकदा अनुभवाला आले आहे. म्हणून त्यांच्यावर तारखेची मुदत घातली. दर आठवड्याला पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदीच्या मजकुरात वेळा लिहूच नयेत. तिथे फक्त ‘खुंटी : पुणे, ६:३०’ एवढे पुरे, बाकीचे कॅलेंडर दाखवते. एकेका मीटिंगच्या निमंत्रणात मात्र जरूर लिहाव्यात. कारण लोक ते फोनच्या सूचनेत, पुढे पाठवलेल्या मेलमध्ये, व्हॉट्सॲपवरच्या फोटोत वाचतात, आणि तिथे वेळ आपोआप बदलून मिळत नाही.

विषयपत्रिकेचे वळण मराठी वाचकाला घरचेच वाटेल. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी फळ्यावर लागते. तिच्यात ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ इथपासून क्रमवार विषय असतात आणि शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. कंपनीच्या संचालक मंडळाच्या सभेलाही कायद्याने निदान ७ दिवसांची लेखी सूचना लागते. या नोटिशींचा गाभा एकच : कशावर मत द्यायचे ते माणसाला आधी कळले पाहिजे. दूरदेशीच्या मीटिंगांत मात्र ‘सीलविषयी चर्चा’ एवढ्यावर भागवले जाते. चर्चा हा विषय होत नाही. ‘मेपासून नवे सील लावायचे का?’ हा होतो, कारण त्याला हो किंवा नाही असे उत्तर आहे आणि ते कोणाकडून हवे तेही शेजारी लिहिले आहे. ऐनवेळचे विषय तर इथे नकोतच. सोसायटीच्या सभेत ऐनवेळी आलेल्या विषयावर शेजारच्या खोलीतून कागद आणता येतो. इथे कागद ज्याच्याकडे आहे तो कदाचित झोपलेला असतो.

क्रमही विचार करून लावलेला आहे. पुण्याचे आकडे पहिल्या पाच मिनिटांत, कारण पुण्याचा दिवस संपत आलेला. डेट्रॉइटचा दिवस नुकता सुरू होतो आहे, तिथल्या बाईंना पाऊण तास थांबणे जड नाही. ज्या चाचणी-कामगाराला फक्त पहिल्या विषयासाठी बोलावले आहे, त्याने ६:३५ ला रजा घ्यावी, असे निमंत्रणातच लिहिता येते.

आता ‘वाचूनच यावे’ या भागाकडे येऊ. इथेच सगळ्यांत जास्त निमंत्रणे फसतात. नेहमीचे वाक्य असते : ‘कृपया सोबतची कागदपत्रे पाहावीत.’ सोबत पाच फाइली. कोणती वाचायची, किती वाचायची, कशासाठी, काही पत्ता नाही. माणूस पहिली उघडतो, ४० स्लाइड पाहतो आणि बंद करतो. ज्या चार पानांवर निर्णय अवलंबून आहे ती तिसऱ्या फाइलीत राहतात. म्हणून आवश्यक आणि ऐच्छिक यांची रेघ स्पष्ट ओढायची आणि आवश्यक या बाजूला शक्यतो एकच कागद ठेवायचा. पाने आणि मिनिटे लिहिली की वाचणाऱ्याला ते आपल्या दिवसात बसवता येते. फाइलीच्या नावातच `01_READ_seal_test_4pages.pdf` असे लिहिले, तर शोधावेही लागत नाही.

पान ३ चा तक्ता का दाखवून दिला, तेही सांगायला हवे. नायट्रिल रबर गरम तेलात बराच काळ राहिले की कडक होत जाते, मग दट्ट्याभोवती नीट बसत नाही आणि तेल झिरपते. फ्लोरो-रबर जास्त उष्णता सोसते, पण महाग पडते. तक्त्यात दोन्ही सीलांचा कडकपणा चाचणीआधी आणि चाचणीनंतर शेजारी शेजारी आहे. खरेदी पाहणाऱ्या श्टुटगार्टच्या माणसाने एवढा तक्ता पाहिला, तरी जादा पैसे कशासाठी मोजायचे हे त्याला समजते. उरलेली पाने पद्धतीची आहेत.

या कागदाच्या वाटेत एक खड्डा हमखास असतो, तो लिंकच्या परवानगीचा. पुण्याचा इंजिनिअर संध्याकाळी लिंक पाठवून घरी जातो. त्याच्या यंत्रावर ती उघडते, कारण फाइल त्याचीच. डेट्रॉइटच्या बाई दुपारी उघडतात तर पडद्यावर ‘परवानगी मागा’. त्या मागतात तेव्हा पुण्यात मध्यरात्र. सकाळी परवानगी मिळते तेव्हा डेट्रॉइटला रात्र. एका बटणापायी पूर्ण दिवस जातो. पाठवण्याआधी तीच लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत किंवा दुसऱ्या सहकाऱ्याच्या यंत्रावर उघडून पाहिली की हे टळते. आणि कागद एकदा गेला की त्यात गुपचूप दुरुस्ती करायची नाही. आकडा चुकला असेल तर नवी फाइल पाठवायची आणि काय बदलले ते एका ओळीत लिहायचे. नाहीतर तिघांच्या हातात तीन वेगळे तक्ते असतात.

इतके करूनही लोक वाचून येत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. ॲमेझॉन कंपनीने त्यावर काढलेली तोड प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइडची सादरीकरणे काढून टाकली. त्यांच्या जागी सहा पानांपर्यंतचे सलग लिहिलेले टिपण आले आणि ते बैठकीच्या सुरुवातीला सगळे मिळून मुकाट्याने वाचू लागले. एका इमारतीत बसणाऱ्यांना ही पद्धत चांगली. पण तीन खंडांतली माणसे मोठ्या मुश्किलीने एका वेळी जमतात, तेव्हा त्यातली २० मिनिटे पुण्याच्या संध्याकाळीतून काढून वाचनात घालवणे महाग पडते. शिवाय पुणे आणि श्टुटगार्ट, दोन्हीकडे इंग्रजी ही दुसरी भाषा. घाईत वाचण्यापेक्षा आदल्या दिवशी चहा घेत चार पाने वाचणे त्यांना सोयीचे, आणि शंका लेखी कळवणे त्याहून सोयीचे. म्हणून इथे कागद गुरुवारी पाठवून सोमवारपर्यंत लेखी शंका मागणे हाच मार्ग योग्य.

त्या मुदतीतही तीन शहरे लिहिली आहेत, हे लक्षात घ्यावे. ‘सोमवारअखेर’ म्हटले की पुण्याचा सोमवार संपतो तेव्हा डेट्रॉइटचा सोमवार अजून दुपारी असतो. तिथला माणूस संध्याकाळी शंका पाठवतो आणि ती पुण्यात मंगळवारी सकाळी उघडली जाते. उत्तर शोधायला तेवढाच एक दिवस उरतो. रात्री ८:३० ची रेघ ओढली, तर चाचणीवाल्याला मंगळवारचा सगळा दिवस मिळतो.

सिडनीच्या ग्राहकाला अखेर मीटिंगला बोलावले नाही. त्याला तोच कागद आणि दुसऱ्या क्रमांकाचा तोच प्रश्न पाठवला आणि लेखी उत्तर मागितले. प्रश्न स्पष्ट होता, कागद चार पानांचा होता, म्हणून हे जमले. ‘सीलविषयी चर्चा’ असे लिहिले असते, तर त्याला मध्यरात्री जागेच राहावे लागले असते.

२०२६ मध्ये युरोपातली घड्याळे २५ ऑक्टोबरला मागे येतील आणि अमेरिकेतली १ नोव्हेंबरला. त्या मधल्या आठवड्यात डेट्रॉइट, श्टुटगार्ट आणि पुणे यांच्यातला हिशेब पुन्हा एकदा मार्चसारखाच चुकणार आहे. ज्यांच्या कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची अशी मीटिंग आहे, त्यांनी त्या सात दिवसांची नोंद आजच उघडावी, चौकोनातली वेळ आणि मजकुरातली वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहावी, आणि जुळत नसेल तर मजकुरातली ओळ पुसून टाकावी.